मिटिंगच्या रेकॉर्डिंगवरून मिनिट्स : निर्णय कुठे संपतो ते ऐका

प्रश्न : "आमच्याकडे दर आठवड्याला मिटिंग रेकॉर्ड होते आणि मिनिट्स मी लिहिते. सव्वा तासाचं ऐकून नीट लिहिलं तरी कोणीतरी म्हणतंच की असं ठरलंच नव्हतं. एकदा सगळं शब्दशः टाइप केलं तर आठ पानं झाली, कोणी वाचली नाहीत. निर्णय आणि कामं नेमकी कशी काढायची आणि ऑडिओशी कशी ताडायची?"

तुमचं ऐकणं कमी पडतंय असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा होतं काय, की मिटिंगमध्ये एखादी गोष्ट दोन-तीन वेळा 'ठरते', प्रत्येक वेळी थोडी वेगळी, आणि लिहिणारा त्यातली पहिली किंवा सगळ्यात ठणठणीत आवाजात बोललेली पकडतो. ज्याला दुसरी आठवते तो म्हणतो असं ठरलं नव्हतं, आणि त्याच्या बाजूने तो खरंच बोलत असतो. शब्दशः टाइप करून हे सुटत नाही, कारण आठ पानांत तिन्ही वाक्यं असतात पण त्यातलं शेवटी कुठलं उभं राहिलं हे कुठेच नसतं. शिवाय शब्दशः टाइप करायला तासाभराच्या ऑडिओला सरावलेल्या माणसाला पण साधारण चार तास लागतात, त्या वेळात दोनदा ताडून होतं.

आधी एक सांगतो, यातलं बरंच मिटिंग कुठल्या प्रकारची आहे त्यावर आहे. संचालक मंडळ किंवा सभासदांची सभा असेल, जिथे ठरावाचा मजकूर, सूचक, अनुमोदक हे सगळं नियमाने लागतं, तिथे त्या नियमांचा नमुना आधी. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं, कोणाला ऐकवायचं हे पण तुमच्याकडे जे ठरलं असेल तसंच. मी खाली सांगतोय ते रोजच्या कामाच्या मिटिंगचं, पाच-सात माणसं, एक बोलवणारा, तास-सव्वा तास.

पहिल्या ऐकण्यात मी मिनिट्स लिहीतच नाही. फाइलची एक कॉपी करून मूळ फाइल बाजूला ठेवतो, अजेंडा आणि हजेरी समोर घेतो आणि सव्वा ते दीड पट वेगाने सलग ऐकतो. हातात कागद, त्यावर फक्त वेळ आणि एक अक्षर : नि म्हणजे निर्णय असावा, का म्हणजे काम असावं, प्र म्हणजे प्रश्न लटकला. शेजारी दोन-तीन शब्द, बास. आणि सुरुवातीलाच प्रत्येकाचा आवाज कुठे स्वच्छ ऐकू येतो ती वेळ लिहून ठेवायची, म्हणजे चाळिसाव्या मिनिटाला "हो मी करतो" कोण म्हणालं ही शंका आली की त्या जागी जाऊन आवाज लावून बघता येतो. वेळ नेहमी प्लेअरमधली लिहा, घड्याळातली नको, आणि रेकॉर्डिंगचे दोन तुकडे असतील तर 'भाग २' असं लिहा, नाहीतर पंधरा दिवसांनी तुमचं तुम्हालाच सापडत नाही.

आता एक नमुना घेऊन सांगतो, तुमच्यासारखीच एक मिटिंग धरा, १ तास १४ मिनिटांची. विषय असा की मालाच्या स्टॉकचं एक्सेलमधलं जुनं रजिस्टर बंद करून नवीन सॉफ्टवेअरवर जायचं. खोलीत मॅनेजर, अकाउंट्सच्या मॅडम, स्टोअर्सचे इन्चार्ज आणि खरेदीवाले, सॉफ्टवेअरवाला ऑनलाइन.

२२:४० ला मॅनेजर म्हणतात, "मग एक तारखेपासून नवीन सॉफ्टवेअरवरच एन्ट्री, चालेल ना सगळ्यांना?" स्टोअर्सवाले म्हणतात, "चालेल सर." कागदावर मोठा नि पडतो. विचारलंय, होकार आलाय, म्हणजे निर्णयच वाटतो.

मग ४८:१५ ला, विषय खरं तर दुसराच चालू असताना, अकाउंट्सच्या मॅडम म्हणतात, "एक तारखेला माझं महिनाअखेरीचं क्लोजिंग असतं हो, त्यात हे नाही जमायचं." खरेदीवाले : "मग पंधरापासून धरा की." मॅनेजर : "हं... तसंही करता येईल. बरं, ट्रेनिंगचं काय?"

आता काय ठरलं? बरेच जण इथे पंधरा तारीख लिहून मोकळे होतात. मी नाही लिहीत. "करता येईल" म्हणजे शक्यता आहे एवढंच, आणि "हं" तर माणूस ऐकतोय हे दाखवायला पण म्हणतो. अशा ठिकाणी मी कागदावर नि करून पुढे प्रश्नचिन्ह टाकतो आणि बघतो की पुढे कोणी ती तारीख ठरलेली धरून बोलतंय का. इथे ते सापडतं १:०३:२० ला, मॅनेजर सॉफ्टवेअरवाल्याला सांगतात, "पंधराला आपण लाइव्ह जातोय म्हणजे ट्रेनिंग दहापर्यंत उरकायला हवं." ज्याच्या हातात ठरवणं आहे त्यानेच पंधरा पक्की धरून पुढचं काम लावलं आणि त्यावर कोणी हरकत घेतली नाही. माझ्या लेखी निर्णय इथे झाला. त्याची वेळ १:०३:२०, आणि २२:४० व ४८:१५ हा त्याचा मागचा प्रवास.

समजा १:०३:२० चं वाक्य नसतंच तर? तर मी पंधरा पण लिहिली नसती आणि एक पण नाही. "तारखेवर चर्चा झाली, १ की १५ हे पक्कं व्हायचं आहे" असं लिहून मॅनेजरला एका ओळीत विचारलं असतं. मिनिट्स लिहिणाऱ्याने निर्णय घ्यायचा नसतो, कितीही उघड वाटला तरी.

आणि तुमचं "असं ठरलंच नव्हतं" कुठून येतं बघा. याच ऑडिओत ४६:५० ला स्टोअर्सवाल्यांचा आवाज आहे, "एक मिनिट, आलोच", मग दार वाजतं. पुढचा त्यांचा आवाज थेट ५५ व्या मिनिटाला. म्हणजे तारीख हलली तेव्हा ते खोलीतच नव्हते, आणि १:०३ चं वाक्य सॉफ्टवेअरवाल्याला उद्देशून होतं, ते त्यांच्या कानावरून गेलं असेल. त्यांच्या डोक्यात एक तारीखच आहे. त्यामुळे कोण मध्येच उठलं, कोण उशिरा जोडलं गेलं हे कागदावर टिपायचं आणि असा बदल झाला असेल तर मिनिट्समध्ये सरळ लिहायचं की आधी १ ठरली होती ती बदलून १५ केली. एवढ्या एका वाक्याने अर्धे वाद तिथेच थांबतात, कारण ज्याला जुनी तारीख आठवते त्याला ती कागदावर दिसते आणि ती का गेली ते पण दिसतं.

म्हणून माझा नियम साधा आहे. कुठलाही निर्णय जिथे पहिल्यांदा बोलला गेला तिथे थांबायचं नाही, त्या विषयाचा मिटिंगमधला शेवटचा उल्लेख शोधायचा आणि तिथून लिहायचं. पहिल्या ऐकण्यात सलग शेवटपर्यंत ऐकायचं ते यासाठीच.

आता कामांचं. यात अडचण वेगळी आहे, आपण बोलताना कर्ता गाळतो. "बघून घेऊ", "करून टाकू", "पाठवायला लागेल", यात कोण ते नाहीच. ३१:०५ ला स्टोअर्सवाले म्हणतात, "यादीत एकाच मालाची दोन-दोन नावं आहेत, ती काढायला लागतील", आणि उत्तर येतं, "हो हो, काढून घेऊ." हे काम आहे का? गरज सगळ्यांना मान्य आहे पण अंगावर कोणी घेतलेलं नाही, तर मी का च्या पुढे नावाची जागा रिकामी सोडतो. स्टोअर्सवाले बोलले म्हणून स्टोअर्सचं काम, असं धरायचं नाही. आणि खरंच, ५८:३० ला खरेदीवाले म्हणतात, "यादीचं मी करतो, पण मला स्टोअर्सकडून कोड लागतील." आता कर्ता मिळाला, आणि तो स्टोअर्सवाले नव्हतेच. सोबत दुसरं छोटं काम पण निघालं, कोड देणं. त्यावर स्टोअर्सवाले "देतो" म्हणाले का ते ऐकायचं. इथे ते काहीच बोलत नाहीत, विषय पुढे जातो. म्हणजे खरेदीचं काम पक्कं, आणि त्याला कोड लागतील अशी अट आहे, पण स्टोअर्सने हो म्हटलेलं नाही, ते विचारून घ्यायचं.

तारीख? यादीची कोणी बोललंच नाही. ट्रेनिंग दहापर्यंत आहे म्हणजे यादी त्याआधीच हवी असेल असं कोणालाही वाटेल, मलाही वाटतं, पण तो माझा तर्क झाला. ऑडिओत नाही ते मी लिहीत नाही, 'तारीख ठरली नाही' असं लिहितो. ही रिकामी जागा वाईट दिसते म्हणून भरायचा मोह होतो, पण ती रिकामी दिसली की मॅनेजर स्वतःच तारीख टाकतात हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

"बघतो" हा शब्द वेगळाच सांभाळायचा. "मी बघतो आणि गुरुवारी सांगतो" हे काम आहे, त्याचा शेवट दिसतो. नुसतं "बघतो मी" म्हणजे पुष्कळदा विषय संपवायला म्हटलेलं असतं. असं असेल तर मी ते का मध्ये न टाकता प्र मध्ये टाकतो. कामाच्या ओळीत मला कोण, काय, कधीपर्यंत आणि झालं हे कशावरून कळणार एवढं हवं असतं. शेवटचं बऱ्याच वेळा बोललं जात नाही, पण बोललं गेलं असेल तर नक्की घ्या. 'यादी साफ करणे' आणि 'दुबार नावं काढलेली यादी सॉफ्टवेअरवाल्याला मेल करणे' यात खूप फरक आहे.

नमुन्यातला मसुदा मग असा दिसतो :

निर्णय : नवीन सॉफ्टवेअरवर एन्ट्री १५ तारखेपासून. आधी १ तारीख ठरली होती, महिनाअखेरीच्या क्लोजिंगमुळे बदलली. [२२:४०, ४८:१५, १:०३:२०]

निर्णय : जुनं रजिस्टर लगेच बंद करायचं नाही, पहिले दोन आठवडे दोन्हीकडे एन्ट्री. [५२:१०]

काम : यादीतली दुबार नावं काढणे. खरेदी विभाग. तारीख ठरली नाही. स्टोअर्सकडून कोड लागतील, स्टोअर्सचा होकार घ्यायचा आहे. [३१:०५, ५८:३०]

चौकटी कंसातल्या वेळा मसुद्यात असायलाच हव्यात, ताडणं सगळं त्यांच्यावर उभं आहे. सगळ्यांना पाठवायच्या कॉपीत ठेवायच्या की काढायच्या ते तुमच्या लोकांवर आहे. मी स्वतःकडच्या कॉपीत कायम ठेवतो.

ताडण्याकडे येतो, कारण तुमचा खरा अर्धा प्रश्न तो आहे आणि लोक तो उरकून टाकतात. ताडायचं दोन दिशांनी, आणि दोन्हींचं काम वेगळं आहे. पहिली दिशा मिनिट्सकडून ऑडिओकडे : एकेक ओळ घ्यायची, तिच्या वेळेच्या अर्धा मिनिट आधी जायचं आणि अर्धा मिनिट नंतरपर्यंत ऐकायचं, साध्या वेगाने, हेडफोन लावून. वेग वाढवून ताडणं नको, पहिल्या ऐकण्याला तो चालतो, इथे नाही. व्हीएलसी वापरत असाल तर विंडोजवर `Ctrl+T` दाबून वेळ टाकली की थेट तिथे जाता येतं, `Shift` आणि डावा बाण दाबला की तीन सेकंद मागे, `Alt` आणि डावा बाण दाबला की दहा सेकंद मागे. `[` ने वेग कमी होतो, `=` ने परत मूळ वेग. माउसने पट्टी ओढत बसण्यापेक्षा हे खूप लवकर होतं.

या दिशेने ऐकताना माझं लक्ष मुख्यतः तीन ठिकाणी असतं. एक म्हणजे 'नाही'. आपल्या वाक्यात नकार शेवटी येतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज पडतो, किंवा समोरचा तोपर्यंत बोलायला लागलेला असतो. ५२:१० ला मॅनेजर म्हणतात "जुनं रजिस्टर लगेच बंद करायचं" आणि नेमकी तिथे खुर्ची सरकते. पहिल्या ऐकण्यात माझ्या कागदावर 'जुनं रजिस्टर बंद' असंच येईल, म्हणजे बरोबर उलटं. तीन सेकंद मागे जाऊन वेग कमी करून ऐकलं तर खुर्चीच्या आवाजाखाली "नाही" पुसट लागतं, पण पुसट आवाजावर मी विसंबत नाही, पुढचं वाक्य बघतो. ते आहे "दोन आठवडे दोन्हीकडे चालू दे." आता शंका राहत नाही. नकार ऐकू आला की नाही याची खात्री पुढच्या वाक्यातून करायची, आणि पुढच्या वाक्यातून पण होत नसेल तर विचारायचं.

दुसरं, आकडे. दीडशे आणि अडीचशे, बासष्ट आणि बाहत्तर, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर, खराब माइकवर हे एकमेकांत मिसळतात, आणि 'साडे' तर पूर्ण गिळला जातो, साडेतीनशेचे तीनशे होतात. आकडा दोनदा ऐकायचा आणि मिटिंगमध्ये तोच आकडा दुसरीकडे आलाय का ते शोधायचं, किंवा पडद्यावर जी शीट दाखवली होती त्यात बघायचं.

तिसरं, दिवस. "परवा पाठवते" आणि "परवा पाठवलंय" यात फरक फक्त क्रियापदाच्या शेपटीत आहे, एकात काम बाकी आहे आणि एकात झालेलं आहे. आणि मिनिट्समध्ये 'परवा' लिहायचंच नाही, मिटिंग मंगळवारी होती तर गुरुवार आणि त्याची तारीख लिहायची. "पुढच्या शुक्रवारी" ऐकलं की थांबा, काहींसाठी तो याच आठवड्यातला आणि काहींसाठी पुढच्या आठवड्यातला. ऑडिओ हजारदा ऐकून हे कळणार नाही, बोलणाऱ्यालाच विचारायला लागतं.

दुसरी दिशा ऑडिओकडून मिनिट्सकडे. हे लोक करतच नाहीत. पहिल्या दिशेने तुम्ही जे लिहिलं ते बरोबर आहे का एवढंच कळतं, जे लिहायचं राहिलं ते कधीच सापडत नाही, कारण त्याची ओळच नाही. म्हणून मसुदा समोर ठेवून एकदा पुन्हा सलग ऐकायचं, सव्वा पट वेग चालेल, आणि मिटिंगमधला जो तुकडा चालू आहे त्याला मसुद्यात जागा आहे का बघत जायचं. प्रत्येक तुकड्याला जागा असायलाच हवी असं नाही, पण नसेल तर का नाही हे तुम्हाला सांगता यायला हवं, माहिती होती, गप्पा होत्या, आधीच घेतलंय. वेळ कमी असेल तर निदान शेवटची दहा मिनिटं आणि विषय जिथे तुटले त्या जागा तरी ऐका. लोक उठता उठता "अरे हां, ते कोटेशन तू मागव ना" असं बोलतात आणि समोरचा "हो मागवतो" म्हणतो, ते पूर्ण काम असतं, कर्त्यासकट. रेकॉर्डिंग चालू असेल तर ते मिटिंगचाच भाग धरावं की नाही हे मॅनेजरला एकदा विचारून ठेवा, मी धरतो.

जमलं तर ही दुसरी दिशा मिटिंगला नसलेल्या माणसाकडून करून घ्या. जो हजर होता तो ऐकताना आठवणीतून भर घालतो, त्याला ऐकू न आलेलं पण 'ऐकू' येतं. नवख्याला फक्त ऑडिओच माहीत असतो.

जे शेवटपर्यंत लागत नाही तिथे मसुद्यात [अस्पष्ट ३४:१०] असं लिहा आणि बोलणाऱ्याला तो तुकडाच पाठवा. एफएफएमपेग हा कमांड देऊन ऑडिओ कापायचा प्रोग्राम असेल तर :

```
ffmpeg -ss 00:33:50 -t 45 -i meeting.m4a -c copy clip.m4a
```

एवढ्याने ३३:५० पासून ४५ सेकंदांची फाइल मिळते, मूळ तशीच राहते. विचारताना "तुम्ही दीडशे म्हणालात ना?" असं विचारू नका, माणूस हो म्हणून मोकळा होतो. "इथे आकडा कोणता आहे?" एवढंच विचारा.

वेळेचा अंदाज हवा असेल तर सव्वा तासाच्या मिटिंगला पहिलं ऐकणं साधारण तासभर, मसुदा पाऊण तास, पहिली दिशा अर्धा-पाऊण तास, दुसरी पुन्हा तासभर. दर आठवड्याला एवढा वेळ मिळत नसेल तर कापायचं ठरवा ते असं, की किरकोळ माहितीच्या ओळी ताडू नका पण निर्णय आणि कामाची एकही ओळ न ताडता पाठवू नका.

आणि एवढं करूनही कोणी म्हणालं असं ठरलं नव्हतं, तर आधी त्यांना वेळ सांगून तुकडा ऐकवा, शक्यतो एकट्याला, ग्रुपवर नाही. तुमचं चुकलं असेल तर मिनिट्स दुरुस्त करून पाठवा आणि काय बदललं ते वर एका ओळीत लिहा. पण कधी ऑडिओ स्पष्ट असतो आणि माणूस म्हणतो, "हो म्हणालो असेन, पण मला तसं म्हणायचं नव्हतं." तेव्हा मिनिट्स बदलायच्या नाहीत. मिटिंगमध्ये जे झालं तेच तिथे राहतं, त्यांचं म्हणणं पुढच्या मिटिंगच्या अजेंड्यावर घ्या, आणि तिथे निर्णय बदलला तर तो त्या मिटिंगच्या मिनिट्समध्ये नवीन निर्णय म्हणून येईल, जुन्याचा उल्लेख करून.